सळईचं टोक आणि टॅनच्या फांद्या

वीस सेंटिमीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची एक सळई घ्या. ती सगळीकडे सारखी १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा आणि अंगाभोवती काचेच्या लोकरीचं जाड वेष्टन गुंडाळा, म्हणजे कडेनं उष्णता बाहेर जाणार नाही. आता तिचं डावं टोक तांब्याच्या एका मोठ्या ठोकळ्यात घट्ट बसवा. हा ठोकळा ३० अंशांवर ठेवलेला आहे आणि इतका मोठा आहे की सळईतून येणाऱ्या उष्णतेनं त्याचं तापमान फारसं हलत नाही. उजवं टोक उघडं ठेवा आणि त्यावरून ३० अंशांचंच पाणी वाहू द्या. प्रश्न साधा आहे : ही सळई किती वेळात थंड होईल?

डाव्या टोकाची काही अडचण नाही. ते ठोकळ्याला चिकटल्या क्षणी ३० अंशांवर येतं आणि तिथंच राहतं. सगळी गंमत उजव्या टोकाची आहे. तिथलं तापमान आपण ठरवलेलं नाही. टोक जितकं गरम, तितकी जास्त उष्णता पाणी ओढून नेणार; आणि उष्णता ओढली गेली की टोक थंड होणार, म्हणजे ओढही कमी होणार. टोकाचं तापमान आणि तिथून बाहेर पडणारी उष्णता यांचं प्रमाण तेवढं ठरलेलं आहे. न्यूटननं १७०१ साली निवण्याचा जो नियम मांडला, तोच इथं टोकाला लागू केलेला आहे. प्रमाणाचा आकडा म्हणजे संवहन गुणांक, h. संथ हवेत तो ५ ते १० वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश असतो, वाहत्या पाण्यात तो हजाराच्या घरात जातो. आपण १००० धरू.

सळईच्या आतली उष्णता मात्र धातूच्या कलानं चालते. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता, k, साधारण २०० वॉट प्रति मीटर प्रति अंश. टोकाशी या दोघांना जुळवून घ्यावं लागतं : धातू आतून जितकी उष्णता आणून देतो तितकीच पाण्यानं न्यायला हवी, कारण टोकाच्या पातळ पृष्ठभागावर उष्णता साठायला जागाच नाही. या जुळणीचा आलेखावर एक सुंदर अर्थ निघतो. सळईच्या लांबीवर तापमानाचा आलेख काढला आणि उजव्या टोकाशी त्याला स्पर्शरेषा काढून पुढं वाढवली, तर ती टोकापासून k/h इतक्या अंतरावर पाण्याच्या तापमानाला जाऊन मिळते. आपल्या सळईत हे अंतर २०० भागिले १०००, म्हणजे ०.२ मीटर. योगायोगानं (खरं तर मी आकडे तसे निवडलेत) सळईच्या लांबीएवढंच. सळई थंड होत असताना आलेख सतत बदलतो, पण ही स्पर्शरेषा दर क्षणी टोकापुढच्या त्याच बिंदूवर येऊन टेकते.

सळईची लांबी आणि हे अंतर यांचं गुणोत्तर म्हणजे hL/k. त्याला बायो अंक म्हणतात. झाँ-बाप्तिस्त बायो या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०४ साली धातूच्या दांड्यातल्या उष्णतेवर काम केलं होतं, त्याच्या नावावरून. आपण त्याला B म्हणू. आपल्या सळईसाठी B = १.

आता उत्तराकडे. ३० अंशांच्या वर जे काही तापमान उरलं आहे तेवढंच मोजू. सुरुवातीला ते सगळीकडे ७० आहे. ते कसं घटत जातं याचा आलेख पहिल्या काही सेकंदांत बराच वेडावाकडा असतो. दोन्ही टोकांशी तो खाली वाकतो, मध्ये अजून सपाटच असतो. हा गुंता सोडवायची फूरिएची युक्ती अशी की असे आकार शोधायचे, जे निवताना आपलं रूप बदलत नाहीत. फक्त उंची कमी होत जाते, आकार तोच. अशा प्रत्येक आकाराला निवण्याचा स्वतःचा एक ठरलेला वेग असतो. मग सुरुवातीचं सपाट ७० अंशांचं तापमान या आकारांच्या बेरजेत मांडायचं, आणि प्रत्येकाला आपापल्या वेगानं निवू द्यायचं.

ज्या आकाराची वक्रता त्याच्या उंचीच्या प्रमाणात असते, तोच रूप न बदलता निवू शकतो, आणि हा गुण साइनच्या लाटेत असतो. डाव्या टोकाशी उंची शून्य हवी, साइन तिथून शून्यापासूनच सुरू होते, तेही जमलं. प्रश्न उरतो तो इतकाच की सळईच्या लांबीत लाटेचा किती भाग बसवायचा. रेडियनमध्ये मोजलेल्या या भागाला z म्हणू. अर्धी लाट बसली तर z म्हणजे π, पाव लाट बसली तर त्याच्या निम्मं. उजव्या टोकाशी लाटेचा उतार आणि उंची यांना वर सांगितलेली जुळणी पाळायची आहे. उतारात कोसाइन येतो आणि सोबत एक z बाहेर पडतो, उंचीत साइन येतो. दोघांचा भागाकार केला की उरतं :

tan z = −z/B

हे समीकरण दिसायला अगदी किरकोळ आहे. पण ते सोडवायला बसलं की लक्षात येतं, यात z दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही ठिकाणी वेगळ्या रूपात. एकीकडे टॅनच्या पोटात, दुसरीकडे उघडा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, वर्गमूळ यांतलं काहीही करून z एकटा बाजूला काढता येत नाही. अशा समीकरणांना बीजातीत म्हणतात, इंजिनिअरिंगच्या वर्गात ट्रान्सेंडेंटल. त्यासाठी सूत्र नाही. चित्र मात्र काढता येतं.

आडव्या अक्षावर z घ्या. आधी टॅनचा आलेख काढा. शून्यापासून वर निघून तो १.५७१ पाशी, म्हणजे π च्या निम्म्यावर, आकाशात निघून जातो. त्याच उभ्या रेषेच्या पलीकडे तो पाताळातून वर येतो, ३.१४२ पाशी अक्ष ओलांडतो आणि ४.७१२ पाशी पुन्हा वर नाहीसा होतो. मग तशीच पुढची फांदी, आणि पुढची. आता याच कागदावर शून्यातून निघून उजवीकडे खाली उतरणारी एक सरळ रेषा काढा. तिचा उतार −1/B. रेषा जिथं जिथं फांदीला छेदते, तो z आपल्याला हवा.

पहिली फांदी अक्षाच्या वर आहे आणि रेषा खाली, त्यामुळे शून्य सोडलं तर तिथं भेट नाही. शून्य हे उत्तर गणितात बसतं, पण तिथं साइनची लाट सगळीकडे शून्यच असते, म्हणून ते टाकून द्यायचं. दुसऱ्या फांदीचा अक्षाखालचा भाग १.५७१ ते ३.१४२ या पट्ट्यात आहे, आणि तिथं रेषेला ती एकदाच छेदते. फांदी सतत चढते, रेषा सतत उतरते, दुसऱ्यांदा भेटायला वावच नाही. पुढच्या प्रत्येक फांदीवर तसाच एकेक छेद. म्हणजे एकही आकडा न काढता दोन गोष्टी कळल्या : उत्तरं अनंत आहेत, आणि प्रत्येक उत्तर कोणत्या पट्ट्यात आहे तेही.

याहून मोलाची गोष्ट रेषेच्या उतारात आहे. B फार लहान असेल, म्हणजे टोकाशी पाण्याऐवजी संथ हवा असेल, तर रेषा जवळजवळ उभी उतरते आणि छेद १.५७१ या उभ्या रेषेला चिकटतो. हे टोक बंद केल्यासारखंच, तिथून उष्णता जात नाही. B प्रचंड असेल तर रेषा जवळजवळ आडवी पडते आणि छेद ३.१४२ कडे सरकतो. टोक ३० अंशांवर खिळवून ठेवल्यासारखं. पाठ्यपुस्तकात हे दोन वेगळे प्रश्न म्हणून येतात, दोन वेगळ्या उत्तरांसह. इथं दिसतं की ती एकाच रेषेची दोन टोकाची रूपं आहेत आणि खरी सळई कुठंतरी मध्ये असते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि नेमकी हीच परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत कधी विचारली जात नाही.

आता आकडे. B = १ साठी चित्रावरून पहिला छेद २ च्या आसपास दिसतो. त्यावरून नेमका आकडा काढायला समीकरण उलटं करून लिहायचं : z म्हणजे π वजा z/B चा आर्कटॅन. २ घातले की २.०३४४ मिळतात. ते पुन्हा घातले की २.०२७७, मग २.०२९०, मग २.०२८७. दर वेळी चूक सुमारे पाच पटींनी कमी होते आणि आकडा २.०२८८ वर स्थिरावतो. हेच सुलट दिशेनं, म्हणजे z ऐवजी −tan z घेत करून पाहा : २.०३ वरून २.०२, मग २.०६, मग १.८७, आणि स्वारी भलतीकडेच. चूक इथं दर वेळी पाच पटींनी वाढते. आर्कटॅनची दिशा तारते आणि टॅनची बुडवते, कारण छेदाजवळ टॅनची फांदी रेषेपेक्षा बरीच तीव्र चढाची आहे.

पुढचे छेद ४.९१३ आणि ७.९७९ वर येतात. उजवीकडे जावं तशी रेषा खोल जाते, म्हणून छेद त्या त्या फांदीच्या सुरुवातीच्या उभ्या रेषेला अधिकाधिक चिकटतात. तिसऱ्याची उभी रेषा ७.८५४ वर आहे, अंतर फक्त ०.१२. बारीक लाटांना टोक जवळजवळ बंदच भासतं. त्यांची उष्णता टोकापर्यंत जाण्याआधी शेजारच्या चढउतारांतच जिरते.

वेगाचं गणित सोपं आहे. अ‍ॅल्युमिनियममध्ये उष्णता पसरण्याचा गुणांक सुमारे ८२ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. लांबीचा वर्ग, म्हणजे ४०,००० चौरस मिलिमीटर, याला ८२ नं भागलं की ४८८ सेकंद येतात. हा सळईचा स्वतःचा काळ. त्याला z च्या वर्गानं भागलं की त्या आकाराची उंची साधारण ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ मिळतो. पहिल्या आकारासाठी ११८ सेकंद, दुसऱ्यासाठी २०, तिसऱ्यासाठी ८ पेक्षाही कमी. उजव्या टोकापाशी सुरुवातीच्या ७० अंशांत पहिल्या आकाराचा वाटा ७४.७ आहे, दुसऱ्याचा उणे २१.५, तिसऱ्याचा १९.३, आणि पुढं अशीच अधिक-उण्याची रांग. सुरुवातीच्या क्षणी ही रांग फार संथपणे ७० कडे येते. पण एक मिनिट थांबा. पहिला वाटा ४५ वर आलेला असतो, दुसरा उणे १.१ वर, तिसरा शंभराव्या भागाएवढाही नाही. बेरीज ४३.९, म्हणजे टोकाचं तापमान ७३.९ अंश. दोन मिनिटांनी ५७, पाच मिनिटांनी ३६ च्या आसपास. पहिल्या मिनिटानंतर अनंत उत्तरांपैकी एकच कामाचं उरतं.

त्या एका उत्तरात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. २.०२८८ रेडियन म्हणजे पाव लाटेपेक्षा जास्त, म्हणून साइनचा माथा सळईच्या आतच येतो : ठोकळ्यापासून १५.५ सेंटिमीटरवर. सळईची सगळ्यात गरम जागा ही, आणि निवत असताना ती तिथून हलत नाही. पाण्याचा वेग वाढवला तर ती मध्याकडे सरकते, कमी केला तर टोकाकडे.

हे चित्र कुणी पहिल्यांदा वापरलं? झोझेफ फूरिएनं, आणि तेही उष्णतेच्याच प्रश्नासाठी. नेपोलियनसोबत इजिप्तला जाऊन आलेला हा माणूस १८०२ पासून ग्रनोबलला इझेर प्रांताचा प्रीफेक्ट होता, आणि कारभार सांभाळत त्यानं १८०७ साली उष्णतेवरचा निबंध पॅरिसच्या अकादमीपुढं ठेवला. परीक्षकांत लाग्रांज आणि लाप्लास होते, आणि लाग्रांजला त्यातल्या त्रिकोणमितीय मालिका पटल्या नाहीत. पुस्तक यायला १८२२ साल उजाडलं. त्याच्या पाचव्या प्रकरणात फूरिए सळई नाही, भरीव गोल निवताना पाहतो : तापवलेला गोल हवेत ठेवला तर तो कसा थंड होतो. तिथं तापमानाला केंद्रापासूनच्या अंतरानं गुणलं की समीकरण आपल्या सळईचंच होतं. केंद्र म्हणजे ठोकळ्याचं टोक, पृष्ठभाग म्हणजे पाण्याचं. B च्या जागी गोलाचा बायो अंक वजा एक येतो, एवढाच फरक. फूरिए तिथं टॅनच्या फांद्या आणि रेषा काढतो, छेद मोजतो, आणि आर्कटॅननं आकडा कसा जवळ आणायचा आणि टॅननं तो कसा लांब पळतो हेही दाखवतो.

पण चित्राची एक मर्यादा आहे. कागदावर फक्त वास्तव z दिसतात. समीकरणाला काल्पनिक उत्तरं असतील तर? प्वासाँनं हीच शंका काढली आणि त्यावर दोघांत वाद झाला. शंका बिनबुडाची नव्हती. z काल्पनिक असेल तर साइनच्या लाटेऐवजी सतत चढत जाणारा आकार येतो, आणि तो निवण्याऐवजी तापत जातो. आपल्या सळईत दोन्ही टोकं उष्णता फक्त बाहेर काढतात, म्हणून तसं होऊ शकत नाही. सळईत उष्णता आत ढकलणारं टोक असतं, तर चित्रावर काहीच न दिसता असा आकार खुशाल असता.

आजचा विद्यार्थी नेमका याच खड्ड्यात पडतो, तोही एका चिन्हामुळे. टोकाच्या अटीत उणेचं अधिक झालं की समीकरण tan z = z होतं. रेषा आता वर चढते, शून्यापाशी टॅनला नुसती स्पर्श करते, आणि पुढचा छेद ४.४९३ वर मिळतो. विद्यार्थी शून्य सवयीनं टाकून देतो (जे या चुकीच्या प्रश्नात खरं उत्तर आहे, कधीच न निवणारं सरळ रेषेचं) आणि ४८८ ला ४.४९३ च्या वर्गानं भागून २४ सेकंद लिहून मोकळा होतो. चूक पकडायला चिन्ह शोधत बसायची गरज नाही. बंद टोकासाठी वेळ १९८ सेकंद, खिळवलेल्या टोकासाठी ४९ सेकंद. खरं उत्तर या दोघांच्या मध्येच असलं पाहिजे. २४ सेकंद म्हणजे पाणी टोकाला ३० अंशांच्याही खाली खेचतंय.

कॉम्प्युटरवर दुसरा सापळा असतो. आलेख काढणारा प्रोग्रॅम टॅनच्या वरच्या आणि खालच्या टोकांना उभ्या रेघेनं जोडतो, आणि आपली तिरकी रेषा त्या रेघेला छेदताना दिसते. चिन्ह बदलतं तिथं मूळ आहे असं मानणारी पद्धतही १.५७१ ला उत्तर म्हणून देते. म्हणून टॅनचा भागाकार मोडून समीकरण

B sin z + z cos z = 0

असं लिहावं. त्यात काहीच आकाशात जात नाही. १.५७१ घातले तर डावी बाजू १ येते, खोटं उत्तर तिथंच उघडं पडतं. आणि कॅल्क्युलेटर अंशांवर राहिला असेल तर २ चा टॅन ०.०३५ येईल, तेवढ्यावरूनच तो रेडियनवर न्यायला हवा हे कळावं.

प्रयोगशाळेत हे चित्र बहुतेक वेळा उलटं वाचतात. धातूची वाहकता कोष्टकात मिळते, लांबी पट्टीनं मोजता येते, पण h कुणालाच नेमका माहीत नसतो; पाण्याचा वेग, टोकाचा खडबडीतपणा, सगळ्यावर तो अवलंबून. म्हणून टोकापाशी थर्मोकपल लावून जादा तापमानाचा लॉगरिदम वेळेविरुद्ध मांडतात. पहिलं मिनिट सोडून पुढं सरळ रेषा यायला हवी. तिच्या उतारावरून समजा १४५ सेकंद मिळाले. ४८८ भागिले १४५, त्याचं वर्गमूळ १.८३५, चित्रावर तिथल्या छेदातून जाणाऱ्या रेषेचा B अर्धा. म्हणजे h ५०० च्या आसपास. लॉगची रेषा सरळ न येता वाकत असेल तर h तापमानाबरोबर बदलतोय, आणि मग हे सगळं गणित तेवढ्यापुरतं बाजूला ठेवावं लागतं. नैसर्गिक संवहनात, जिथं द्रव नुसत्या गरमीनं हलतो, हे हमखास घडतं.

या उलट वाचनाला आणखी एक सीमा आहे, आणि तीही चित्रावरच दिसते. h १००० वरून २००० केला तर वेळ ११८ वरून ९३ सेकंदांवर येतो. फरक सहज मोजता येतो. पण h १०,००० वरून २०,००० केला तर रेषा आधीच इतकी आडवी झालेली असते की छेद २.८६३ वरून २.९९३ पर्यंतच सरकतो, आणि वेळ ६० सेकंदांवरून ५४ किंवा ५५ वर. ठोकळ्याशी सळई नीट घासून बसवली नसेल, तर त्या सांध्याचा अडथळाच याहून मोठी चूक घालतो. तेव्हा लांब सळई घेऊन जोरदार फवाऱ्याचा h मोजायला जाऊ नये. सळई आखूड करावी, म्हणजे L कमी होऊन B पुन्हा १ च्या आसपास येतो आणि रेषा त्या भागात येते, जिथं तिचा उतार बदलला की छेद ठळकपणे हलतो.